‘नेहमीचं’ म्हणजे किती?

तिला सगळे ‘कितीताई’ म्हणत. हे नाव पेशंटांनीच ठेवलेलं. सकाळी केंद्राचं दार उघडलं की तिचे प्रश्न सुरू. वजन किती? पाणी किती प्यालात? काल जेवण किती गेलं? जिना चढताना दम किती लागला? एकदा एका आजोबांनी वैतागून विचारलं होतं, “बाई, तुमच्या नवऱ्याला तुम्ही किती प्रश्न विचारता?” तेव्हा ती हसली होती, आणि हसता हसताच त्यांच्या पायाची सूज बोटाने दाबून बघत होती.

डायलिसिसचं हे केंद्र एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. सहा खुर्च्या, सहा मशीन, मागे पाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांची खोली आणि मनात आलं तर चालणारी एक लिफ्ट. कितीताई तिथली मुख्य टेक्निशियन. सुई टोचायची, मशीन लावायचं, चार तास डोळ्यांत तेल घालून बघायचं, मशीन काढायचं, फरशीवर रक्ताचा थेंब दिसला तर तोही स्वतःच पुसायचा. वय बेचाळीस. अंगाने किरकोळ, चाल भरभर, आणि एका जागी बसणं जन्मात ठाऊक नाही. जेवणाचा डबासुद्धा उभ्यानेच खायची. तिचा नवरा गाडी शिकवण्याच्या शाळेत शिक्षक होता. तो म्हणायचा, “माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत. हिला एकही नाही.”

ती पहिल्यापासून अशी नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षात, दुसऱ्या एका केंद्रावर, एक घटना घडली आणि तिची झोप तेव्हापासून पातळ झाली.

तिथे एक शाळामास्तर आठवड्यातून तीनदा यायचे. शांत माणूस, वर्तमानपत्र वाचत पडून राहायचा. त्या दिवशी त्यांची जुनी फाइल भरली म्हणून कुणीतरी ती कार्यालयात नेऊन ठेवली होती आणि नव्या फाइलच्या पहिल्या कोऱ्या पानावर डॉक्टरांनी एकच ओळ लिहिली होती : ‘पूर्वीप्रमाणे चालू ठेवा.’ पूर्वीचं पान तिच्यासमोर नव्हतं. तिने शेजारच्या टेक्निशियनला विचारलं. तो म्हणाला, “मास्तर ना? अडीच लिटर काढ, नेहमीचंच आहे.” तिने अडीच लिटर पाणी काढायला मशीन लावलं. मास्तरांना मात्र दोन दिवस जुलाब झाले होते. अंगात जास्तीचं पाणी असं उरलंच नव्हतं. तिसऱ्या तासाला त्यांनी एकामागून एक जांभया दिल्या, वर्तमानपत्र हातातून गळलं, आणि रक्तदाब असा कोसळला की तिच्या तोंडचं पाणी पळालं. पाय वर केले, सलाइन सोडलं, पाणी काढणं बंद केलं, तेव्हा कुठे अर्ध्या तासाने त्यांनी डोळे नीट उघडले. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की.”

मास्तरांनी शिव्या दिल्या असत्या तर ती कदाचित विसरली असती. ते वाक्य मात्र तिच्या अंगात शिरून बसलं. तेव्हापासून ‘नेहमीचं’, ‘सेम’, ‘गेल्या वेळेसारखं’ असले शब्द कानावर पडले की ती हातातलं काम थांबवायची. कुणाचं नेहमीचं? कुठल्या वेळेसारखं?

तर, एका मंगळवारी सकाळी साडेआठला लिफ्टमधून एक सत्तरीचा माणूस बाहेर आला. उंच, ताठ, शर्टाची वरपर्यंतची बटणं लावलेली. मागे त्याची सून, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. तो माणूस दारातच थांबला आणि दाराच्या चौकटीला हात टेकून श्वास घेऊ लागला. लिफ्टने आलेला माणूस जिना चढून आल्यासारखा धापा टाकत होता, हे कितीताईने टेबलापासूनच टिपलं.

“डॉक्टरांचा फोन आला असेल,” सून म्हणाली. “आम्ही बाहेरगावाहून आलोय. म्हणजे बाबा आलेत. त्यांच्या तिथलं केंद्र बंद पडलंय.”

फोन आला होता खरा. सात वाजता डॉक्टरांनी सांगितलं होतं, “एक पेशंट पाठवतोय, तिकडे जसं चालू होतं तसंच करून टाका,” आणि फोन ठेवला होता.

“कागद आणलेत का?” कितीताईने विचारलं.

सुनेने पिशवीतून एक चिठ्ठी काढली. चौकोनी, घडी घालून मऊ पडलेली. त्यावर पेशंटचं नाव, वय, केंद्राचा शिक्का आणि एक ओळ : ‘पूर्वीप्रमाणे डायलिसिस द्यावे.’ कितीताईने चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काहीच नव्हतं.

“फाइल?”

“फाइल तिथेच आहे. त्यांचा पाण्याचा प्लँट बिघडला, शनिवारी अचानक सगळं बंद केलं. पेशंटांना म्हणाले जिथे सोय होईल तिथे जा. ह्यांनी फोन करकरून पाहिला, कुणी उचलतच नाही.” ‘ह्यांनी’ म्हणजे तिचा नवरा, या माणसाचा मुलगा. तो कामावर गेला होता.

“शेवटचं डायलिसिस कधी झालं?”

“गुरुवारी,” म्हातारा स्वतः म्हणाला. त्याचा आवाज खणखणीत होता, पण वाक्याच्या शेवटी हवा संपत होती. “शनिवारचं हुकलं. आज मंगळवार. आता वेळ नका घालवू. तीन वर्षं हेच चाललंय. नेहमीचं करा आणि मोकळं करा.”

“नेहमीचं म्हणजे किती, काका?” तिच्या तोंडून गेलंच. खुर्ची क्रमांक दोनवरचे आजोबा गालातल्या गालात हसले.

“किती म्हणजे? चार तास.”

“आणि पाणी किती काढतात? तुमचं कोरडं वजन किती ठरवलंय? म्हणजे जास्तीचं पाणी काढून झाल्यावर तुमचं वजन किती असायला हवं?”

“ते त्यांच्या वहीत असतं. मी काय त्यांच्या वह्या वाचत बसतो?”

“रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन देतात, ते किती देत होते?”

“देतात काहीतरी. बाई, मी चाळीस वर्षं छापखान्यात फोरमन होतो. माझी माणसं मला इतकं विचारत बसली असती तर एक पान छापून झालं नसतं.”

कितीताईने त्याला वजनकाट्यावर उभं केलं. एकसष्ट किलो चारशे. रक्तदाब एकशे सत्तरच्या वर. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि पडलेलाच राहिला. म्हणजे अंगात पाणी होतं, हे नक्की. पण किती? दीड लिटर? तीन? साडेतीन? काटा फक्त आजचं वजन सांगतो, कुठे थांबायचं ते सांगत नाही. आणि थांबून राहावं म्हटलं तर माणूस आडवं पडायलाही तयार नव्हता. आडवा झाला की त्याला गुदमरत होतं. पाच दिवस झाले होते. रक्तात काय काय साचलं असेल याचा विचार करूनच तिचे हात खिशात आत-बाहेर होऊ लागले.

तिची सहकारी, जिला सगळे ‘चष्मेवाली’ म्हणत, तोवर मशीन तयार करायला निघाली होती. मुलगी हुशार, हात सफाईदार, फक्त घाई फार. ती हळूच म्हणाली, “ताई, कशाला डोक्याला ताप? नेहमीचं म्हणजे सगळीकडे एकच असतं. चार तास, तीन लिटर, इंजेक्शन सगळ्यांना देतो तेवढं. दहापैकी नऊ जणांना हेच चालतं.”

“आणि हे दहावे असले तर?”

चष्मेवालीने खांदे उडवले. “मग काय, परत पाठवणार?”

खरी मेख तिथेच होती. परत पाठवणं म्हणजे त्याला गुदमरायला पाठवणं. आणि अंदाजाने ‘नेहमीचं’ लावणं म्हणजे कुणा दुसऱ्याचंच नेहमीचं त्याच्या अंगावर चढवणं. कितीताई टाक्यांच्या खोलीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तिने डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या रुग्णालयात होते, मागे गडबड ऐकू येत होती.

“काय झालं? चालू केलंत ना?”

“नाही. डॉक्टर, तुम्ही म्हणालात तिकडच्यासारखं करा. तिकडचं माझ्याकडे काहीच नाही. फाइल नाही, वजन नाही, इंजेक्शनचा डोस नाही, कावीळ वगैरेचे रिपोर्ट नाहीत. चिठ्ठीवर फक्त ‘पूर्वीप्रमाणे’ आहे.”

“अहो ताई, तीन वर्षांचा जुना पेशंट आहे. सेम ठेवा.”

“सेम काय ते मला माहीत असतं तर ठेवलं असतं.” आपला आवाज चढल्याचं तिच्या लक्षात आलं. तिने तो खाली आणला. “मला जे दिसतंय ते सांगते. वजन एकसष्ट चारशे, घोट्याला सूज, दम लागतोय, दाब वाढलेला. उद्यावर ढकलता येणार नाही. पण पूर्ण चार तास अंदाजाने नको वाटतं. अडीच तास करू. पाणी दीड लिटरच काढू. रक्त पातळ करायचं हेपॅरिनचं इंजेक्शन अजिबात नको, मधून मधून सलाइनने नळ्या धुऊन काढते. कोपऱ्यातलं वेगळं मशीन वापरते, काविळीचे रिपोर्ट येईपर्यंत. सुरू करायच्या आधी रक्त तपासायला घेते. आणि तुम्ही एकदा येऊन बघा. उरलेलं पाणी उद्या काढता येईल.”

डॉक्टर म्हणाले, “ठीक. तसंच करा. पोटॅशियमचा आकडा आला की लगेच कळवा मला. मी अकरापर्यंत येतो.”

फोन ठेवला तरी तिचा जीव थाऱ्यावर आला नाही. तिने नवीन तक्ता घेतला आणि रकाने भरायला लागली. जिथे माहिती होती तिथे आकडा. कोरडं वजन या रकान्यात तिने लिहिलं : ‘माहीत नाही’. इंजेक्शनच्या रकान्यात : ‘पूर्वीचा डोस माहीत नाही, आज दिलेलं नाही’. चष्मेवाली खांद्यावरून बघत होती. “माहीत नाही असं कुणी लिहितं का, ताई? रिकामं सोडायचं.”

“रिकामं सोडलं की पुढच्याला वाटतं विसरलो. त्याला कळू दे की विचारलं आणि मिळालं नाही.”

मग ती फोरमनच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसली. बसली म्हणजे टेकली. “काका, खरं सांगते. तुमचं नेहमीचं मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं मी करू शकते, पण ते करणार नाही. आज अर्धंच डायलिसिस करू, सावकाश. उरलेलं उद्या.”

त्याचा चेहरा लाल झाला. “म्हणजे उद्या पुन्हा सुया? माझ्यावर प्रयोग चाललेत का? सूनबाई, चल. दुसरं केंद्र बघू.” तो उठला. दोन पावलं गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. सून रडकुंडीला आली. “बाबा, प्लीज...”

कितीताई उठून त्याच्यासमोर गेली. त्याला धरलं नाही, फक्त वाटेत उभी राहिली. “छापखान्यात कुणी गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, गेल्या वेळेसारखंच छापून द्या, तर तुम्ही काय करायचात?”

“जुनी प्रत मागायचो.”

“आणि त्याच्याकडे प्रत नसली, तुमच्याकडेही नसली तर?”

तो नाइलाजाने म्हणाला, “प्रूफ काढायचो. आधी एक. दाखवायचो.” आणि लगेच, “पण तो कागद होता. कागद फाडून टाकता येतो.”

“म्हणूनच तर म्हणते सावकाश.”

तो पटल्यासारखा दिसला नाही. पण उभं राहायची ताकद नव्हती, म्हणून तो परत खुर्चीत बसला, डावा हात पुढे केला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने तयार केलेली हाताची नस मनगटाच्या वर दोरीसारखी फुगलेली होती. तिने कान लावून आत वाहणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकला, सुया कुठे टोचत आले आहेत ते व्रणांवरून पाहिलं. निदान ही एक गोष्ट तिकडच्यांनी त्याच्या अंगावर लिहून पाठवली होती. दोन सुया गेल्या. रक्त नळीतून फिरू लागलं.

पोटॅशियमचा आकडा तासाभरात आला. वाढलेलं होतं, पण हाताबाहेर गेलेलं नव्हतं. तिने डॉक्टरांना कळवलं. सून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली होती आणि अजून त्या बंद केंद्राचा नंबर फिरवत होती.

सव्वा तास झाला असेल. कितीताई दर अर्ध्या तासाने सलाइन सोडून नळ्या धूत होती. तरी रक्त गाळणाऱ्या फिल्टरमध्ये काळसर रेघा दिसायला लागल्या. मशीनवरचा दाबाचा आकडा हळूहळू वर चढत होता. मग अलार्म वाजला. तिने तो बंद केला, नळी सरळ केली, सुई तपासली. दोन मिनिटांत पुन्हा वाजला.

चष्मेवाली धावत आली. “गोठतंय, ताई. इंजेक्शन दिलं नाही म्हणून. आता थोडं तरी देऊया. नाहीतर फिल्टर जाईल, त्यातलं सगळं रक्त जाईल.” तिने सिरिंज हातात घेतलीसुद्धा.

फोरमनने डोळे उघडले. “बघा. तिकडे हे असं कधी झालं नाही. तिकडच्यासारखं करा म्हणून कधीचा सांगतोय.”

त्या क्षणी कितीताईलाही वाटलं, द्यावं. डोस छोटा, काही होत नाही. समोर रक्त काळं पडत होतं आणि हातात त्यावरचा उपाय होता. खोलीतल्या सगळ्या खुर्च्यांवरून लोक बघत होते. तिने सलाइनचा क्लॅम्प उघडला, नळी धुतली. धुता धुता तिला सुचलं की आपण सकाळपासून चुकीचं विचारतोय. डोस किती, वजन किती, हे त्याला कसं ठाऊक असणार? तो वह्या वाचत नव्हता. पण तीन वर्षं त्या खुर्चीत पडून तो बघत तर होता.

“काका, तिकडे मशीन चालू असताना मी आता करतेय तसं करायचे का? हे पाणी मधेच सोडायचे का?”

“हे? हो. सोडायचे.”

“पहिल्यापासून?”

“नाही. अलीकडे. दोन-तीन आठवडे झाले असतील.”

“त्याआधी?”

“त्याआधी नाही. त्याआधी सुरुवातीला एक इंजेक्शन नळीत मारायचे. ते बंद केलं.”

कितीताईने चष्मेवालीच्या हातातली सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली. “का बंद केलं?”

तो खिडकीकडे बघत राहिला. मग मान न वळवता हळू आवाजात म्हणाला, “सूनबाई बाहेरच आहे ना?”

“बाहेर आहे. दार लावलेलं आहे.”

“शौचाला काळं होत होतं. डांबरासारखं. चार-पाच दिवस. तिथल्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले पोटात रक्तस्राव असेल, इंजेक्शन बंद करा, आणि दुर्बिणीने तपासून घ्या. इंजेक्शन बंद केलं त्यांनी. तपासणी मी केली नाही.”

“घरी सांगितलंत?”

“कशाला? मुलगा कधीचा मागे लागलाय, आमच्याकडे राहायला या. कळलं असतं तर उचलूनच आणलं असतं. माझं घर आहे तिथे. माझी माणसं आहेत. तीन वर्षं बिनबोभाट चाललंय ना?” त्याचा आवाज चिरकला. “म्हणून म्हणत होतो, नेहमीचं करा. नवीन काही उकरू नका.”

चष्मेवाली ट्रेमधल्या सिरिंजकडे बघत उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कितीताईला तिच्यावर रागवायचं होतं, पण रागवायला वेळ नव्हता. आपल्यालाही द्यावंसं वाटलं होतंच की.

“फिल्टर गेला तर जाऊ दे,” ती म्हणाली. “तू सलाइनची दुसरी बाटली आण. दर पंधरा मिनिटांनी धुऊ. आणि आत जाणारं पाणी मोजत राहा, तेवढं जास्त काढावं लागेल.”

पुढचा तास ती त्या मशीनपासून हलली नाही. अलार्म आणखी तीनदा वाजला. काळ्या रेघा वाढल्या, पण फिल्टर पुरता बंद झाला नाही. फोरमनच्या उजव्या पोटरीत एकदा गोळा आला, तो तिने चोळून मोकळा केला. तेवढ्यात डॉक्टर आले. तिने त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते खुर्चीजवळ गेले, पोट दाबून पाहिलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आणि हिमोग्लोबिन आलं का विचारलं. आठच्याही खाली होतं. मग त्यांनी तक्ता उचलला, त्यातले ‘माहीत नाही’ वाचले आणि एकाच्या पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं : ‘हेपॅरिन देऊ नये’. खाली सही.

अडीच तास पूर्ण होताना श्वास बराच हलका झाला होता. वजन साठच्या जरा खाली आलं. तो पाठ टेकून पडू शकत होता. पण पडला नाही. ताठ बसून राहिला, कारण आता सुनेला सांगायचं होतं.

“तुम्ही सांगाल का मी सांगू?” कितीताईने विचारलं.

“तुम्हीच सांगा. तुम्हाला बोलायला आवडतं.”

“नाही काका. हे तुम्हीच सांगायचं. मी इथे उभी राहते.”

सून आत आली. त्याने तिला सांगितलं, तिच्याकडे न बघता, चार वाक्यांत, कुणा तिसऱ्याच माणसाची तक्रार सांगावी तसं. सून रडली नाही. तिने हातातली बाटली खाली ठेवली आणि म्हणाली, “म्हणजे गेल्या महिन्यात मी आले होते तेव्हा? मी विचारलं होतं, चेहरा असा का दिसतोय. तुम्ही म्हणालात, ‘नेहमीसारखाच आहे.’”

“हो.”

“बाबा, मी तुमच्या हातातली चहाची कपबशी उचलून मोरीत ठेवत होते हो त्या वेळी. एक शब्द बोलायचात.” मग ती बाहेर गेली आणि नवऱ्याला फोन करताना तिचा आवाज दाराआडून चढत गेलेला सगळ्यांना ऐकू आला. फोरमन कितीताईला म्हणाला, “झालं तुमचं समाधान?” समाधान वगैरे तिला काही झालं नव्हतं. तिने त्याच्या हातावरची पट्टी पुन्हा एकदा दाबून पाहिली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास त्या बंद केंद्रातल्या टेक्निशियनचा फोन आला. सुनेचे वीस मिस्ड कॉल बघून त्याने कुलूप उघडून फाइल काढली होती. कोरडं वजन एकोणसाठ. रक्त पातळ करणारं इंजेक्शन पूर्ण बंद, फाइलच्या वर लाल शाईत दोनदा. कावीळ नाही. कितीताईने मनात हिशेब केला. तीन लिटर काढले असते तर माणूस कोरड्या वजनाच्याही खाली गेला असता. पण दीड लिटरही कमीच पडले होते. जवळजवळ किलोभर पाणी रात्रभर त्याच्या अंगात राहणार होतं. दमही थोडा राहणार होता. म्हणजे तिचंही बरोबर नव्हतं. फक्त सुधारता येण्याजोगं होतं. ती घरी गेली, आणि नवऱ्याशी बोलता बोलता दोनदा फोरमनच्या सुनेला फोन करून विचारलं, आडवे झोपले का, किती उशा घेतल्या.

दुसऱ्या दिवशी उरलेलं पाणी काढलं. गुरुवारी दुर्बिणीने तपासणी झाली. जठरात एक व्रण निघाला, वेळीच सापडलेला. औषधं सुरू झाली, रक्ताची एक बाटली चढवली. फोरमनने मुलाशी आठवडाभर अबोला धरला आणि सुनेशी जेमतेम बोलला. कितीताईशी मात्र भांडत राहिला. हे का लिहिता, ते का विचारता, पुन्हा वजन कशाला. भांडता भांडता तो तक्ता मात्र वाचायला लागला. छापखान्यातला माणूस, अक्षरावरून नजर हटेना. एकदा त्याने ‘रक्तदाब’मधल्या द ला काना लागला नाही हे दाखवून दिलं. चष्मेवालीने काना दिला आणि तिथून पुढे ती दर वेळी इंजेक्शन भरायच्या आधी तक्ता वाचायला लागली.

डॉक्टरांच्यात मात्र काही फरक पडला नाही. तिसऱ्याच खेपेला त्यांनी दुसऱ्या एका पेशंटच्या कागदावर ‘सेम’ लिहिलं आणि निघून गेले. कितीताईने मागचं पान काढलं, सेम म्हणजे काय ते खाली लिहून काढलं, आणि लिफ्टपर्यंत त्यांच्यामागे धावत जाऊन सही घेतली. “तुम्ही जिवाला घोर लावता,” डॉक्टर म्हणाले. “आणि तुमचं ‘सेम’ माझ्या जिवाला लावतं त्याचं काय?” ती म्हणाली. लिफ्टचं दार बंद झालं.

बाराव्या दिवशी तिकडचा पाण्याचा प्लँट दुरुस्त झाला. फोरमन स्वतःच्या घरी जायला निघाला. मुलाने अडवून पाहिलं, शेवटी असं ठरलं की दर पंधरवड्याला सून जाऊन येईल आणि तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलेल. कितीताईने तिकडच्या टेक्निशियनला फोन लावला आणि तक्ता ओळीओळीने वाचून दाखवला. तोही सगळं लिहून घेत होता, मधे थांबवून आकडे परत विचारत होता. तिला तो माणूस बरा वाटला.

“औषधांमध्ये सकाळची दाबाची गोळी,” तो म्हणाला. “डायलिसिसच्या दिवशी घेतात की नाही?”

“हे मला अजून माहीत नाही,” कितीताई म्हणाली. “सोमवारी म्हणाले घेतो, बुधवारी म्हणाले घेत नाही, शुक्रवारी म्हणाले तुम्हाला काय करायचंय.”

“मग उद्या मीच विचारतो त्यांना.”

“त्यांना विचारा, पण खात्री सुनेकडून करून घ्या. तिचा नंबर लिहून घेता ना?”